शटरचं कुलूप: कडी किती जाड, बॉडी कशाची

"आमचं देवगडला बंदराच्या रस्त्यावर किराणा-जनरलचं दुकान आहे, वर घर. शटरला खाली दोन्ही बाजूंना कुलपं लावतो. दर पावसाळ्यात ती जाम होतात, गणपतीच्या आत नवी आणावी लागतात. मागच्या महिन्यात जवळच्याच एका दुकानाचं कुलूप रात्री कटरने कापलं. आमचे हे म्हणतात, जाड स्टीलचं घ्या. दुकानदार म्हणतो, पितळी घ्या, गंजणार नाही. शटरच्या कानांना १२ मिमीचं भोक आहे, कानाची पट्टी २५ मिमी रुंद. जिन्याच्या ग्रिलच्या गेटलाही कुलूप हवंय. नेमकं काय बघून घ्यायचं?"
— एक वाचक, देवगड

ताई, तुमच्या यजमानांचंही बरोबर आहे आणि त्या दुकानदाराचंही. दोघांचं ऐकायचं तर कडी कडक केलेल्या पोलादाची आणि बॉडी पितळेची किंवा स्टेनलेसची, असं कुलूप शोधायचं. भोक आणि पट्टी मोजून पाठवलीत हे फार बरं केलंत. एरवी लोक कुलूप आधी घेतात, घरी गेल्यावर ते भोकात जात नाही, मग परत येऊन त्यातलंच बारीक कडीचं घेऊन जातात. म्हणजे कुलूप निवडतं कोण, तर वेल्डरने कधीकाळी मारलेलं भोक.

आधी कडीचं बघू. कुलपाच्या खोक्यावर ५०, ६५, ७० असा जो ठसठशीत आकडा असतो, तो बॉडीच्या रुंदीचा. चोराला त्या आकड्याशी काही देणंघेणं नसतं, तो बघतो कडी. ६५ चं एक कुलूप ८ मिमीच्या कडीचं मिळतं, तर दुसरं ६५ चंच ११ मिमीच्या कडीचं. दोन्ही शेजारी ठेवली तर लांबून सारखीच दिसतात. म्हणून दुकानात कडीची जाडी विचारा आणि त्याच्याकडच्या कॅलिपरने मोजून घ्या. कॅलिपर नसेल तर ड्रिलचे बिट असतातच. १० चा बिट कडीशेजारी धरला की फरक डोळ्यांना कळतो.

एक-दोन मिलिमीटरने काय होतं, असं वाटतं खरं, पण कटरला तोडायचा असतो कडीचा सगळा छेद. ८ मिमीच्या कडीचा छेद साधारण ५० चौरस मिलिमीटर भरतो, १० मिमीचा ७८ आणि १२ मिमीचा ११३. म्हणजे ८ वरून १२ वर गेलं की जाडी दीडपट होते, पण तोडायचं लोखंड सव्वादोन पट. बोल्ट कटरची सगळी ताकद त्याच्या दांड्यांच्या लांबीत असते. हात-दीड हात लांबीचा कटर पिशवीत मावतो, आणि साध्या लोखंडाची ८ ची कडी तो सहज तोडतो. दोन फुटी कटर कडक केलेल्या ८ च्या कडीपाशी दमतो, तीन फुटी साधारण १० पाशी. कडक पोलादाची १२-१३ ची कडी असेल तर त्याहून मोठं अवजार लागतं. ते अंगावर लपवून रात्री बंदराच्या रस्त्याने चालणं अवघड.

आता "कडक" म्हणजे काय ते बघा, कारण जाडी असून कडकपणा नसेल तर पैसे वाया गेले. चांगल्या कडीवर बहुधा HARDENED असं कोरलेलं असतं. ते कोरलेलं असलं की कडीचं पोलाद तापवून, थंड करून कठीण केलंय असा अर्थ. पण अक्षरं कोरायला काही लागत नाही, तेव्हा खात्री कानशीने करा. त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलचं एखादं जुनं कुलूप दुकानात किंवा कुणाकडे असेल तर त्याच्या कडीवर बारीक कानस एकदा जोर देऊन फिरवा. साध्या लोखंडावर कानस रुतते आणि खाली चकचकीत पांढरा घाव पडतो. कडक पोलादावर ती काचेवरून सरकल्यासारखी सटकते, वरची मुलाम्याची पापुद्री तेवढी जाते. हॅकसॉचं पातंही तसंच सटकतं. नव्या कुलपावर मात्र हे करू नका. मुलामा गेला की तुमच्या हवेत दुसऱ्याच आठवड्यात तिथून गंज सुरू होईल, आणि दुकानदार परतही घेणार नाही.

तुमच्या कानांना भोक १२ चं आहे, मग १२ ची कडी जाईल का? नाही जाणार. भोकाच्या कडेला रंगाचे थर असतात, गंजाची पापुद्री असते, आणि शटर खाली आलं की दोन कानांची भोकं कधीच तंतोतंत समोरासमोर येत नाहीत. तुम्हाला १० ची कडी बसेल, फार तर भोक साफ करून ११ ची. भोक १४ चं करून घ्यावं आणि १२ ची कडी लावावी, असा विचार मनात येईल. तो सोडून द्या. २५ च्या पट्टीत १२ चं भोक म्हणजे दोन्ही बाजूंना साडेसहा-साडेसहा मिलिमीटर लोखंड उरलंय, तेही साधं. भोक १४ केलंत तर साडेपाचच उरेल. भोकाच्या चहूबाजूंना निदान भोकाएवढं तरी लोखंड असावं, असा आमच्याकडचा ठोकताळा आहे. तुमचा कान आताच त्याच्या निम्म्यावर आहे. पेपरात बातमी येते ती बघा: "कडीकोयंडा तोडून", "शटर उचकटून". कुलूप तोडल्याची बातमी त्या मानाने कमी दिसते. चोर शहाणा असतो, तो कडक पोलादाशी झटापट करत बसत नाही. कुलपात पहार घालतो आणि त्याला धरून कान पिळतो. कुलूप शाबूत राहतं आणि कान फाटतो.

म्हणून तुमच्या बाबतीत पहिला खर्च वेल्डरवर. जुने कान काढून ४० मिमी रुंद, ६ मिमी जाड पट्टीचे नवे कान चारही बाजूंनी पूर्ण वेल्डिंग करून बसवून घ्या. नुसते टाके मारलेले चालणार नाहीत. त्यात १३ चं भोक पाडलं तर दोन्ही बाजूंना साडेतेरा मिलिमीटर लोखंड राहतं आणि १२ ची कडी आरामात जाते. जमिनीतलं कडंही त्याच वेळी तपासायला सांगा. बंदराच्या रस्त्यावर ते काँक्रीटच्या आतून कुजलेलं असतं आणि वरून काहीच दिसत नाही. हातोडीने टकटक करून बघा. भक्कम कडं खणखणतं, कुजलेलं भदभद वाजतं आणि मुळाशी पापुद्रे सुटतात. वेल्डिंग झालं की त्याच दिवशी प्राइमर आणि रंग लावून घ्या, भोकाच्या आतूनसुद्धा.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सांगतो. शटरला कुलपं फक्त दोन्ही बाजूंना असली आणि शटर रुंद असलं, तर मधोमध जॅक लावून खालची पट्टी वर वाकवता येते. माणूस आत सरपटेल एवढी फट पडते आणि दोन्ही कुलपं जागच्या जागी लटकत राहतात. आठ-नऊ फुटांच्या पुढचं शटर असेल तर मध्ये तिसरं कडं हवंच.

आता कडीचा आकार. आपल्याकडे लांब कडीचं कुलूप आवडीने घेतात, कारण ते लावायला सोपं जातं. पण कडी आणि बॉडी यांच्यामधली जेवढी जागा मोकळी राहते, तेवढी चोराला कटरचा जबडा आणि पहारीचं टोक घालायला मिळते. कान भरल्यावर बोट जेमतेम जाईल एवढीच जागा उरली पाहिजे. याच्याही पुढे जाऊन खांदेवाली कुलपं मिळतात. त्यात बॉडीच दोन्ही बाजूंनी वर चढवलेली असते आणि कडीचा थोडासाच भाग उघडा राहतो. गोल चकतीसारखी स्टेनलेसची कुलपं असतात, त्यांतही हेच तत्त्व आहे. त्यांची कडी ९-१० मिमीचीच असते, पण कटरला ती धरायला मिळत नाही. शटरसाठी म्हणून सरळ आडव्या दांड्याची ठोकळ्यासारखी कुलपंही येतात, त्यांच्यात दांडा पूर्ण झाकलेला असतो. माझं मत विचाराल तर १२ च्या उघड्या कडीपेक्षा १० ची झाकलेली कडी बरी.

अडचण एकच: झाकलेल्या कुलपाची खाच अरुंद असते. दोन कानांची मिळून जाडी खाचेपेक्षा जास्त झाली, किंवा भोक कानाच्या टोकापासून फार आत असलं, तर ते बसतच नाही. तुमचे नवे कान ६-६ चे झाले की दोन मिळून १२, वर रंग आणि मधली फट धरून १५-१६ मिलिमीटर होतात. म्हणून वेल्डर येण्याआधी कुलूप ठरवा. त्याची खाच किती रुंद आणि किती खोल ते मोजून पुठ्ठ्याचा तुकडा तसाच कापा आणि वेल्डरच्या हातात द्या. तो कानाची लांबी आणि भोकाची जागा त्या मापाने धरेल. उलट्या क्रमाने गेलात तर पुन्हा उघड्या कडीच्या कुलपावर याल.

दुकानात कुलूप उघडून कडीचे दोन्ही पाय नीट बघा. कुलूप लागतं तेव्हा आतला खटका कडीच्या खाचेत जाऊन बसतो. स्वस्त कुलपात खाच एकाच पायाला असते. चांगल्या कुलपात दोन्ही पायांना, समोरासमोर असतात. दोन्ही पाय धरलेले असतील तर कडी एका जागी तोडूनही ती फिरवून काढता येत नाही, दुसरा घाव घालावा लागतो. खाच चौकोनी, तिरकस कापलेली आहे की अर्धगोल, तेही बघा. अर्धगोल खाचेत पोलादी गोळी बसते. तिरकस खाचेतला स्प्रिंगचा खटका पातळ पत्र्याची पट्टी कडीच्या कडेने आत सरकवून मागे ढकलता येतो. गोळीच्या बाबतीत ती युक्ती चालत नाही.

ग्राइंडरबद्दल स्पष्टच सांगतो. बॅटरीवर चालणारा ग्राइंडर हातात असेल तर कुठलीच कडी टिकत नाही. कडक पोलादाचीसुद्धा मिनिटा-दोन मिनिटांत जाते. पण त्यात ठिणग्या उडतात आणि आवाज गल्लीभर जातो. तुमचं घर वरच आहे, तुम्हाला जाग येईल. ज्याचं दुकान एकीकडे आणि घर दुसरीकडे, त्याला मी वेगळं सांगितलं असतं.

हवामानाचा भाग तुमच्यासाठी सगळ्यात अवघड आहे, म्हणून तिथे थोडा वेळ घेतो. समुद्राच्या हवेतलं मीठ सगळीकडे बसतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. पावसाचं पाणी त्या मानाने गरीब, उलट ते मीठ धुऊन नेतं. पितळ काळपट-हिरवट होतं, पण फुगत नाही, त्यामुळे आतले भाग अडकत नाहीत. लोखंडाचा गंज मात्र मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तुमची कुलपं जाम होतात ती यामुळेच: कडीचा पाय बॉडीच्या भोकात फुगतो. जुनं कुलूप हातात घेऊन कडी जिथे आत शिरते ती जागा बघा, तिथे तांबड्या गंजाचं कडं दिसेल. पितळी बॉडी आणि पोलादी कडी एकत्र असली आणि मध्ये खारं पाणी साचलं, तर त्या सांध्यावर पोलाद आणखी लवकर खातं. म्हणजे "पितळी घ्या, गंजणार नाही" हे बॉडीपुरतं खरं, कडीला लागू नाही. पत्र्यांचे थर रिबिटांनी जोडलेली कुलपं येतात, ती देवगडला नकोतच. थरांमध्ये मीठ शिरलं की निघत नाही.

मग कडीसुद्धा स्टेनलेसची का घेऊ नये? बोटीवरच्या कुलपांना ती असतेही, आणि ३१६ ग्रेडचं स्टेनलेस खाऱ्या हवेला ३०४ पेक्षा चांगलं तोंड देतं. पण हे स्टेनलेस तापवून कडक करता येत नाही, ते मऊच राहतं आणि कटरपुढे टिकत नाही. बोटीच्या पेटीला ठीक आहे, गल्ल्याच्या शटरला नको. तुम्ही कडी कडक पोलादाचीच घ्या, क्रोमचा किंवा जस्ताचा मुलामा असलेली, आणि तिची निगा राखण्याची तयारी ठेवा.

पितळी म्हणून विकलेलं कुलूप खरंच पितळी आहे का, हे चुंबकाने कळतं. बॉडीला चुंबक चिकटलं तर आत लोखंड आणि वर पिवळा मुलामा. चिकटलं नाही तरी लगेच खूश होऊ नका, जस्ताच्या ओतीव बॉडीलाही चुंबक चिकटत नाही आणि ती हातोडीच्या दोन-चार घावांत फुटते. हातात घेऊन वजन बघा, त्याच मापाची ओतीव बॉडी हलकी लागते. तळाशी जिथे दिसणार नाही तिथे ब्लेडचा कोपरा किंचित ओढा. पितळ आतूनही पिवळंच निघतं, जस्त करडं. कडीला मात्र चुंबक घट्ट चिकटलं पाहिजे. तिला चिकटलं नाही तर ती मऊ स्टेनलेसची आहे.

निगेबद्दल. खोबरेल तेल ओतू नका. आपल्याकडे कुलूप अडलं की पहिला हात त्या बाटलीकडे जातो. दोन दिवस कुलूप लोण्यासारखं चालतं, मग तेलात धूळ-वाळू बसून आत चिखल होतो. कुलपात ग्राफाइटची पूड फुंकायची. ती नसेल तर शिसपेन्सिल किल्लीच्या दातांवर दोन्ही बाजूंनी घासून किल्ली पाच-सात वेळा आतबाहेर करायची. हे एकदा मे अखेरीस आणि एकदा गणपतीनंतर. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा पाऊस नसतो आणि मीठ साठत जातं, तेव्हा पंधरवड्याने कुलूप काढून गोड्या पाण्यात बुडवा, झटका, उन्हात पूर्ण वाळवा, मग ग्राफाइट. कडीला बाहेरून, आणि विशेषतः पाय आत शिरतात तिथे, ग्रीसचा पुसट हात पुरे. ते ग्रीस किल्लीच्या भोकात जाता कामा नये.

पावसाळ्यात कुलपाला प्लास्टिकची पिशवी बांधायची सवय सोडा. आत वाफ धरते आणि कुलूप रात्रभर ओलं राहतं. त्याऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा वरून झापेसारखा लटकवा, खालून उघडा. पाणी ओघळून जातं आणि हवा खेळते. कुलूप घेतानाच किल्लीच्या भोकावर सरकतं झाकण आणि तळाशी पाणी जायला बारीक छिद्र आहे का ते बघा. शटरचं कुलूप जमिनीलगत असल्याने आडवं पडतं. कान थोडे उंच करून ते उभं, किल्लीचं भोक खाली, असं लटकेल अशी सोय वेल्डर करू शकतो. गटाराचं उडालेलं पाणी मग भोकात साचत नाही.

ग्रिलच्या गेटचं गणित निराळं. ग्रिलच्या सळया साध्या लोखंडाच्या, बहुतेक १० किंवा १२ मिमीच्या असतात. तिथे १४ ची कडक कडी लावून उपयोग नाही, चोर सळई कापेल. १० ची कडक कडी पुष्कळ झाली. पण ग्रिलमधून हात आत जातो आणि कुलपाला सगळ्या बाजूंनी अवजार लागतं, म्हणून इथे कुलपापेक्षा पेटीवर पैसे घाला. कोयंड्याभोवती ३ मिमी पत्र्याची पेटी वेल्ड करून घ्यायची, तळ उघडा, आत कुलूप आणि तुमचा हात मावेल एवढीच. कटरचे दांडे उघडायला आडवी जागा लागते, ती पेटीत मिळत नाही. वर पाऊसही लागत नाही. किल्ली चाचपडत लावावी लागते, आठवडाभरात सवय होते. रात्री आतून कुलूप लावत असाल तर किल्ली ठरलेल्या खिळ्यावर, ग्रिलमधून काठीने ओढता येणार नाही पण अंधारात तुमच्या हाताला लागेल अशी. आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता तोच आहे.

शटरची दोन-तीन कुलपं घेताना एकाच किल्लीवर चालणारी मागा, बरेच दुकानदार मागवून देतात. आणि दिवसा शटर वर असताना कुलूप उघडं लटकत ठेवू नका, कड्यात अडकवून बंद करून ठेवा. उघडं कुलूप गुपचूप बदलून तसंच दिसणारं दुसरं अडकवतात, रात्री तुम्ही त्यांचंच कुलूप लावून घरी जाता, आणि किल्ली त्यांच्या खिशात असते.